गाडी कमी चालते, तरी ब्रेक ऑइल बदलायचं का?

प्रश्न: माझी कार नागपुरातच फिरते, तीन वर्षांत जेमतेम 14 हजार किमी झाली. मेकॅनिक ब्रेक ऑइल बदला म्हणतो. खरंच गरज आहे का?

उत्तर: हो, बदलाच. ब्रेक ऑइल किलोमीटरने नाही, काळाने खराब होतं. ते मुळात तेल नसून ग्लायकॉल इथर असतं आणि ते पाणी स्वतःत विरघळवून घेतं. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून हवेतली ओल हळूहळू आत शिरते. गाडी उभी असली तरी. पाणी असं विरघळणं एका अर्थी बरंच आहे, कारण ते वेगळं राहिलं असतं तर चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये साचून 100 अंशांनाच उकळलं असतं.

डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान 230 अंश असतो. सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकाची हमी फक्त 155 अंशांची उरते. शहरात हे जाणवणार नाही. पण चिखलदऱ्याचा घाट ब्रेक दाबत उतरलात की कॅलिपर तापतो, आत वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल मऊ पडून खाली जातं. अर्ध्या तासाने गाडी थंड झाली की पेडल पुन्हा कडक! म्हणून लोक फसतात.

रंगावरून ठरवू नका. मॅन्युअलमधली मुदत पाळा, बहुतेकदा दोन वर्षं. शंका असेल तर ऑइल उकळवून तापमान दाखवणाऱ्या टेस्टरने तपासून घ्या. पेनसारखा टेस्टर फक्त अंदाज देतो. आणि सीलबंद डबा तुमच्यासमोरच उघडायला सांगा.