विषय सारखाच निघाला, आता सरांना काय लिहू?

"मॅडम, प्रबंधाचा विषय मी दोन महिन्यांपूर्वी ठरवला. काल कळलं, वर्गातल्या मैत्रिणीने जवळजवळ तोच घेतलाय. सरांना मेसेज करायचाय, पण लिहायला बसलं की चुगली केल्यासारखं वाटतं. विषयच बदलू का?"

विषय नोंदवायची मुदत जवळ आली की ही चिंता घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. या मुलीने मेसेजचा मसुदाही आणला होता. अकरा ओळी. त्यातल्या नऊ मैत्रिणीवर: तिला विषय कधी सांगितला, ती तेव्हा कशी गप्प राहिली, मग कसा 'ढापला'. अभ्यासाबद्दल एकच ओळ आणि शेवटी "मी काय करू?" असा मेसेज आला की सरांपुढे भांडण येतं, अभ्यास येतच नाही.

"तिने नेमकं काय घेतलंय?" मी विचारलं.

"विषय."

"शीर्षक की प्रश्न?"

यावर ती गप्प झाली. हिचं शीर्षक 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मोबाइल वापर आणि झोप', मैत्रिणीचं 'विद्यार्थ्यांमधील स्क्रीन टाइम आणि झोपेचा दर्जा'. ऐकायला एकच. दुसऱ्याच्या कामातलं आपल्या कानावर शीर्षकच पडलेलं असतं, म्हणून धसकाही शीर्षकाचाच बसतो. मी तिला दोघींच्या कामाबद्दल एकेक ओळ लिहायला सांगितली: माहिती कोणाकडून, काय मोजणार, किती वेळा, आणि त्यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळणार. त्यासाठी मैत्रिणीला विचारणं भाग होतं. त्यात एक आठवडा गेला. "विषय कुठून सुचला, ते विचारू नकोस. काम कसं करणार, एवढंच विचार," असं मी बजावलं होतं.

पुढच्या भेटीत दोन ओळी समोर आल्या. मैत्रीण १५० जणांकडून एकदाच पिट्सबर्ग झोप-गुणवत्ता प्रश्नावली भरून घेणार होती. ही प्रश्नावली गेल्या महिनाभराच्या झोपेबद्दल एकत्रित विचारते आणि ० ते २१ मध्ये गुण देते; गुण जास्त तितकी झोप वाईट. हिची योजना वेगळी होती. २० जण १४ दिवस रोज सकाळी नोंद करणार: रात्री अंथरुणात मोबाइल पाहिला का, आणि झोप लागायला अंदाजे किती मिनिटं लागली.

ती त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती माणसामाणसांत तुलना करतेय. आणि मी एकाच माणसाच्या दोन प्रकारच्या रात्रींत."

मी गप्पच राहिले, ते वाक्य तिचं तिलाच सापडायला हवं होतं. घटनेपेक्षा आपण तिला लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते. पण तो अर्थ नुसत्या धीराच्या शब्दांनी बदलत नाही, समोर पुरावा लागतो. 'ढापला' हा शब्द तिने स्वतःहून खोडला.

दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या असत्या, तरी विषय सोडायची गरज नव्हती. माणसं, मोजमाप किंवा कालावधी यांपैकी एक गोष्ट बदलली तरी बहुतेक वेळा प्रश्न वेगळा होतो. जपायचं ते मजकुराला. दोघींची संदर्भवाचनाची टिपणं वेगळी हवीत आणि लिहिलेली प्रकरणं एकमेकींना देऊ नयेत. वाङ्मयचौर्याचा आरोप सारख्या विषयावरून सहसा होत नाही, सारख्या वाक्यांवरून होतो.

मग मेसेज असा झाला:

"सर, नमस्कार. मोबाइल आणि झोप हा माझा विषय आपण मान्य केला होता. नोंदींचा तक्ता तयार आहे. वर्गात आणखी एक अभ्यास याच विषयाजवळचा आहे; त्यात १५० जणांकडून एकदाच प्रश्नावली भरून घेणार आहेत. मी २० जणांच्या १४ दिवसांच्या नोंदींवरून अंथरुणात मोबाइल वापरलेल्या आणि न वापरलेल्या रात्रींची तुलना करणार आहे. फरक स्पष्ट व्हावा म्हणून शीर्षक 'अंथरुणातील मोबाइल वापर आणि झोप लागण्याचा वेळ: दैनंदिन नोंदींवर आधारित अभ्यास' असं करू का? नोंदणीची मुदत शुक्रवारपर्यंत आहे."

मैत्रिणीचं नाव नाही, कारण निर्णय तिच्याबद्दल घ्यायचा नाही. शेवटचा प्रश्न असा, की सर एका शब्दात उत्तर देऊ शकतील. "काय करू?"ला उत्तर द्यायचं तर सरांना आधी तिच्या वाटचा विचार करावा लागतो, म्हणून तसे मेसेज मागे पडतात.

उत्तर संध्याकाळीच आलं. "हो, बदल. पण २८० रात्री म्हणजे २८० माणसं नव्हेत. विश्लेषण कसं करणार ते लिहून आण."

सरांचा मुद्दा खरा होता. एकाच माणसाच्या रात्री एकमेकींसारख्या असतात. म्हणून प्रत्येकाच्या मोबाइल पाहिलेल्या रात्रींची सरासरी वेगळी, न पाहिलेल्यांची वेगळी काढायची आणि अशा २० जोड्यांची तुलना करायची. जो रोजच मोबाइल पाहतो किंवा कधीच पाहत नाही, त्याची जोडीच बनत नाही. ते हिशेबात धरून तिने पाच जण जास्त घेतले. नोंदी शेवटच्या दिवशी एकदम भरल्या जाऊ नयेत, म्हणून रोज सकाळी तक्त्याचा फोटो मागवायचं ठरवलं.