दुसरी ओळ डावीकडून

प्रश्न: क्रोशाच्या तक्त्यात पहिली ओळ उजवीकडून आणि दुसरी डावीकडून का वाचायची? आमच्या क्लासच्या बाई सगळ्या ओळी उजवीकडूनच वाचतात. मध्येच काम ठेवलं तर कुठली ओळ चालू होती ते कसं ओळखायचं? स्वेटरच्या तक्त्यालाही हेच लागू का?

तुमच्या बाईंनी आजवर बर्फी, कमळ, चौकट असलेच नमुने विणले असणार. डावी-उजवी बाजू सारखी असलेला नमुना कुठूनही वाचा, चूक दिसतच नाही. माझ्या नणंदेचं तेच. निपाणीत तिच्या तोरणांचं कौतुक होतं, त्यामुळे "तक्ता उजवीकडनंच वाचायचा असतोय गे" हे मी लग्न होऊन खानापूरला आल्यापासून ऐकत आले. मी डावीकडून वाचायला लागले की ती माझ्या सासूबाईंकडे बघून हसायची.

मग तिच्या मुलाच्या लग्नासाठी तिनं 'शुभ लाभ' लिहिलेलं जाळीचं तोरण विणायला घेतलं. अक्षरं आली आणि बिंग फुटलं. 'शु'च्या जागी नुसती भोकं आणि ठिपके. आधी दोऱ्याला नावं ठेवून झाली, मग तक्ताच चुकीचा छापलाय म्हणाली. मी चौकटीची वही घेऊन बसले.

समजा तक्ता दहा घरांचा आहे. रिकामं घर म्हणजे एक खांब आणि दोन साखळ्या, भरलेलं घर म्हणजे तीन खांब, आणि शेवटी ओळ बंद करायला एक खांब जास्त. म्हणजे ओळीत एकतीस टाके. पाचव्या ओळीत उजवीकडून दोन घरं रिकामी, तीन भरलेली, पाच रिकामी. सहाव्या ओळीत भरलेली घरं बरोबर त्यांच्याच डोक्यावर आहेत. आता पाचवी ओळ संपली, तुम्ही कापड उलटलं. हात तुमचा नेहमीसारखा उजवीकडून डावीकडेच चालणार, पण समोर आता कापडाची पाठ आहे. तक्ता मात्र सुलट बाजूचं चित्र आहे, तो काही उलटत नाही. म्हणून सहावी ओळ तक्त्यात डावीकडून: पाच रिकामी, तीन भरलेली, दोन रिकामी. नणंदेसारखं पुन्हा उजवीकडून 'दोन, तीन, पाच' विणलं, तर भरलेली घरं सुलट बाजूनं सहाव्या, सातव्या, आठव्या घरात जाऊन बसतात. एक ओळ इकडे, एक ओळ तिकडे. अक्षराची उभी काठी दोन जागी तुटक दिसते, आणि ती तशी दिसली की दुसरं काही कारण शोधू नका.

शंका आली तर तक्त्याच्या कडा बघा. ओळीचा आकडा जिकडे छापलाय तिकडून ती ओळ सुरू होते. चिन्हांचा तक्ता असेल तर वळणाच्या तीन साखळ्या त्याच कडेला उभ्या काढलेल्या असतात. त्या तीन साखळ्या म्हणजेच पहिला खांब, वेगळा घालायचा नाही. घालाल तर दर ओळीला एक टाका वाढेल.

मध्येच काम ठेवलं असेल तर सुरुवातीच्या गाठीचं शेपूट शोधा. काम विणायला धरल्यावर ते खाली डावीकडे लोंबत असेल तर सुलट बाजू समोर आहे, म्हणजे विषम ओळ. उजवीकडे असेल तर सम. म्हणून ते शेपूट आधीच आत ओवून टाकू नका, नणंद टाकते.

हे सगळं पहिली ओळ सुलट धरली तर, आणि उजव्या हातानं विणणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी पहिली ओळ डावीकडून, दुसरी उजवीकडून वाचायची, आणि शेपूटही दुसऱ्या बाजूला. मधून बाहेर वाढणारा गोल रुमाल न उलटता विणला तर दिशा बदलतच नाही.

स्वेटरचं थोडं वेगळं आहे. दोन सुयांवर विणताना दिशा अशीच बदलते, पण पाठीच्या ओळीत टाकाही बदलतो: चित्रात सुलट दिसणारा टाका मागून उलट विणावा लागतो. काही तक्ते फक्त 1, 3, 5 अशा ओळी दाखवतात. तिथे पाठीच्या ओळींचं काय करायचं ते सूचनेत वाचा. लोकरीचं काम मी थोडंच करते, तेव्हा यापुढे कुणा स्वेटरवालीला विचारा.

बाईंशी तोंडी वाद घालू नका, त्या ऐकणार नाहीत. 'ग' किंवा पोपट असलेला दहा-बारा ओळींचा तक्ता द्या आणि त्यांच्या पद्धतीनं विणून मागा. आमच्या घरी ते तोरण उसवून मी पुन्हा विणलं, दारावर लागलं, आणि नणंद अजून पाहुण्यांना सांगते की दोरा बदलल्यावर बरं आलं.