नानांना आवाज येतो, शब्द निसटतात

ताई, माझे सासरे 76 वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना नाना म्हणतो. इंदूरला एकत्र राहतो. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून घरात सगळेच मोठ्याने बोलतात, मग ते चिडतात, "ओरडू नका, मी बहिरा नाही." परवा लग्नाला निघायचं होतं. मी "सात वाजता" सांगितलं, त्यांनी "आठ" ऐकलं आणि सगळ्यांनाच उशीर झाला. आता ते आमच्याबरोबर जेवायलाही बसत नाहीत. त्यांच्याशी बोलायचं तरी कसं?
एक सूनबाई

सूनबाई, "सात"चं "आठ" झालं यात नानांचं दुर्लक्ष नव्हतं. वयोमानाने ऐकणं कमी होतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. "स", "श", "फ" त्याच पट्टीतले, आणि मुळातच हलके. "आ" मात्र खालच्या पट्टीचा आणि भरदार, तो नीट पोहोचतो. "सात"मधला "स" गळला की उरतं "आत". वेळेच्या वाक्यात "आत"ला काही अर्थ नाही, म्हणून मन जवळचा "आठ" बसवून मोकळं होतं. आवाज येतो पण शब्द कळत नाही, असं नानांचं होतंय.

ओरडल्याने "आ" आणखी मोठा होतो, "स" फारसा वाढत नाही. शिवाय अशा कानांना हलका आवाज येत नसला तरी मोठा आवाज आपल्याइतकाच, कधी जास्तच टोचतो. वर ओरडताना ओठांची ठेवण बिघडते आणि चेहरा रागावलेला दिसतो. नानांचं चिडणं मला अगदी समजतं.

तो निरोप तुम्ही कुठून दिलात हे पत्रात नाही, पण बहुतेक घरांत असे निरोप ओट्यापाशी, पाठमोरं उभं राहून दिले जातात. पुढच्या वेळी गॅस बारीक करून नानांजवळ जा. साधारण तीन-चार फुटांवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. घरात थोडा कमी वाढतो, पण ओरडायची गरज राहत नाही. उजेड तुमच्या तोंडावर हवा. खिडकी तुमच्या पाठीमागे असेल तर त्यांना नुसती काळी आकृती दिसेल. आधी "नाना" म्हणा, ते बघेपर्यंत थांबा, मगच बोला. आवाज नेहमीचा, वेग जरा कमी, दोन वाक्यांमध्ये श्वासभर विसावा. शब्द तोडतोडून बोलू नका, त्याने ओळखीचा शब्दही अनोळखी होतो.

समोर बसण्याचा फायदा नेमका तुमच्या उदाहरणात दिसतो. "सात" म्हणताना दात जुळतात, "आठ" म्हणताना तोंड एकदम उघडतं. जे कानाला कळत नाही ते डोळे पकडतात. उलट "पापा", "बाबा", "मामा" ओठांवर एकसारखेच दिसतात, तिथे कान मदत करतो. म्हणून दोन्ही हवेत.

आता गोंगाट. उन्हाळ्यात कूलर, एरवी टीव्ही, मिक्सर, चिमणी. ती घरघर आपण नकळत बाजूला सारतो, नानांना ते जमत नाही, त्यांचे हलके आवाज तिच्याखाली दबतात. टीव्ही बारीक करण्यापेक्षा दोन मिनिटं बंदच करा. कूलर बंद करवत नसेल तर नानांना त्याच्यापासून दूरच्या खोलीत न्या.

एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात पुन्हा म्हणू नका, शब्द बदला. "गाडी सकाळी सातला. पोहे खाऊन लगेच निघायचं." सोबत सात बोटं दाखवा, किंवा वेळ कागदावर लिहून द्या. "ऐकू आलं का?" विचारलंत तर संकोचाने "हो" येईल. "किती वाजता निघायचं, नाना?" असं विचारा.

एकदा कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नेऊन कानात मळ साचलाय का ते बघून घ्या आणि ऐकण्याची तपासणी करा. श्रवणयंत्र लागलं तरी दुरून आणि गोंगाटात त्याचीही अडचण होते, त्यामुळे वरच्या सवयी सुटत नाहीत. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

जेवणाच्या पंगतीकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देईन, कारण नाना तिथूनच उठून गेलेत. त्यांना टेबलाच्या कडेला, खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उजेड पडेल. एका कानाने जास्त चांगलं ऐकू येत असेल तर तो कान मंडळींकडे राहील अशी कड निवडा. एका वेळी एकानेच बोलावं. विषय बदलला की सांगावं, "नाना, आता मुलीच्या परीक्षेचं चाललंय." विषय माहीत असला की निम्मे शब्द अंदाजाने जुळतात. आपल्याकडे वाक्याच्या मध्येच मराठीतून हिंदीत उडी पडते, तेवढी नानांशी बोलताना टाळा. आणि ते "काय?" म्हणाले तर "काही नाही, जाऊ द्या" कधीही म्हणू नका. ती गोष्ट क्षुल्लक असली तरी पुन्हा सांगा.