हसतीखेळती मैत्री आणि ५८व्या आकृतीची चौथी रेष

«आम्ही भेटलो की हसणं थांबत नाही. थोडं फ्लर्टिंगही चालतं, दोघांनाही ते आवडतं. पण त्याच्या मनात याहून जास्त काही आहे का, ते कळत नाही. ई चिंगला विचारलं तर ५८, आनंदाचा हेक्साग्राम आला. म्हणजे हे खोल आहे असंच समजायचं ना?»

तेवढ्यावरून नाही. ई चिंग हा कौल लावायचा जुना चिनी ग्रंथ, आणि हेक्साग्राम म्हणजे त्यातली सहा रेषांची एक आकृती. आकृतीचं नाव आनंदी आहे म्हणून उत्तर ‘हो’ धरलं, तर खरं वाचायचं ते राहूनच जातं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीची हकिगत सांगते. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ती तिशीतली, पुण्यात नोकरी करणारी. संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना या मित्राशी ओळख झाली. दोघंही अविवाहित. कोर्टवर एकमेकांची खेचायची, रात्री साडेदहानंतर मेसेज सुरू, आणि त्यात ‘आज तो निळा टी-शर्ट माझ्यासाठीच होता ना’ अशा धाटणीचं बोलणं. आठ महिने असंच चाललं होतं. तिने घरी रुपयाची तीन नाणी सहा वेळा टाकली होती. सिंहमुद्रेच्या बाजूला तीन गुण, आकड्याच्या बाजूला दोन, आणि रेषा खालून वर लिहायच्या. बेरजा आल्या ७, ७, ८, ९, ७, ८. सात आणि नऊ म्हणजे अखंड रेष, सहा आणि आठ म्हणजे तुटक. म्हणजे खाली दोन अखंड आणि त्यांच्यावर एक तुटक, वर पुन्हा तसंच. अशा तीन रेषांना सरोवर म्हणतात. एका सरोवरावर दुसरं सरोवर, ही ५८वी आकृती, चिनी नाव दुई. सहा किंवा नऊ आलेली रेष बदलणारी असते. तिची चौथी रेष नऊची होती.

तिने वहीत फक्त नाव लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होती. मी तिला आधी सहाही रेषा वाचायला लावल्या, कारण या आकृतीत आनंदाचे सहा प्रकार आहेत आणि ते सगळे सारखे भले नाहीत. पहिल्या दोन रेषांना ग्रंथ सरळ शुभ म्हणतो. पहिलीत आपापसात जुळलेला आनंद आहे, दुसरीत विश्वासाचा, जिथे पश्चात्तापही उरत नाही. तिसरी मात्र अशुभ. तिथे आनंद बाहेरून चालत येतो आणि आतल्या रिकाम्या जागेत शिरतो. चौथीत माणूस आनंद तोलत बसतो आणि त्याला चैन पडत नाही. पाचवीत, झिजवणाऱ्या गोष्टीवर विश्वास टाकला तर धोका आहे असं सांगितलंय. आणि सहावीत आनंद माणसाला ओढून नेतो. तिथे ग्रंथ शुभही म्हणत नाही, अशुभही नाही.

तिची चौथी. ही रेष कुठे बसली आहे ते पाहिलं की तिची ओढाताण लगेच कळते. तिच्या खाली तिसरी, ती बाहेरून येणाऱ्या मौजेची तुटक रेष. वर पाचवी, भक्कम आणि या आकृतीत मुख्य मानलेली. चौथी या दोघींच्या मध्ये. खालची गंमत हवीशी वाटते, वरचं काहीतरी टिकाऊ हवं असतं, आणि दोन्हींचा हिशोब मनातल्या मनात चालू राहतो. रेषेचं म्हणणं असं, की या तोलण्यात शांती नाही. आजाराला हद्द घातली की मग आनंद आहे.

‘आजार कुठला, तो?’ तिने विचारलं.

मला तसं वाटलं नाही. तोलणं हाच आजार होता. त्याने लवकर उत्तर दिलं की ‘आवडते मी त्याला’, उशिरा दिलं की ‘टाइमपास करतोय’. आठ महिने रोज नवा निकाल. आणि फ्लर्टिंगमध्ये हा हिशोब कधी मिटत नाही, कारण दोघांनाही परतीचं दार उघडं असतं. कुठलंही वाक्य अंगाशी आलं की ‘अगं, चेष्टा करत होतो’ म्हणून मागे घेता येतं. मौज खरीच असते. पण तिच्यासाठी कुणाला काही पणाला लावावं लागत नाही, म्हणून तिच्यावरून खोली मोजता येत नाही.

मग मोजायची कशावरून? त्यासाठी मी आतली आकृती काढते. दुसरी, तिसरी, चौथी या रेषा खाली ठेवायच्या आणि तिसरी, चौथी, पाचवी वर. ५८च्या पोटातून अशी ३७वी आकृती निघते, कुटुंबाची. खाली अग्नी, वर वारा. हे ऐकून तिचा चेहरा उजळला, म्हणून लगेच सांगावं लागलं की ५८ कुणालाही आली तरी आतून ३७च निघते, त्यावरून लग्नाचं भाकीत करता येत नाही. पण ३७वरच्या भाष्यात एक कसोटी आहे, ती मला समुपदेशनात फार उपयोगी पडते: शहाण्या माणसाच्या बोलण्यात काही वस्तू असते आणि वागण्यात सातत्य असतं. सरोवरावर सरोवर म्हणजे बोलणं, हसणं, तोंडाचा आनंद. तो कुठे पोचतो हे बघायचं तर बोलण्यात वस्तू आहे का आणि वागणं टिकतं का, हे बघायचं.

मी तिला फोन उघडायला सांगितला. गेल्या दोन महिन्यांत दोघांपैकी कुणी एकमेकांना अवघड असं काही सांगितलंय, ती एक जागा शोध म्हटलं. ती बराच वेळ स्क्रीन वर सरकवत राहिली. मग थांबली. तिच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली त्या गुरुवारचा मेसेज होता. तिने लिहिलं होतं, ‘बाबांनी आज सगळ्यांना कामाला लावलंय’, पुढे हसरा चेहरा. त्याचं उत्तर, ‘काका हिरो आहेत!’ त्याच्या त्या उत्तराचा राग ती तीन आठवडे मनात धरून होती. ‘बाबा हॉस्पिटलमध्ये आणि याला विनोद सुचतोय.’

मी तिला तिचाच मेसेज मोठ्याने वाचायला सांगितला. तिने वाचला, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. त्यात हॉस्पिटल हा शब्दच नव्हता.

या आकृतीचं चित्र दोन जोडलेल्या सरोवरांचं आहे. एकटं सरोवर उन्हात आटत जातं, जोडलेली असली की एकमेकांना पाणी पुरवतात. भाष्यात म्हटलंय की यावरून शहाणा माणूस मित्रांबरोबर बसून चर्चा आणि अभ्यास करतो. म्हणजे आनंदाच्या आकृतीला अपेक्षित असलेली मैत्री खिदळण्यावर थांबत नाही, तीत काही देवाणघेवाण असते. इथे तिच्या बाजूचं पाणी तिनेच अडवून धरलं होतं आणि त्याची बाजू कोरडी का म्हणून तपासत होती. माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांत हे वारंवार दिसतं: समोरचा खोल आहे का, हे बघताना आपण काय देऊ केलं ते बघायचं राहून जातं.

आता पुढे काय करायचं, ते बदललेल्या रेषेकडे. चौथी अखंड रेष तुटक केली की वरच्या तीन रेषा सरोवराऐवजी पाण्याच्या होतात आणि ६०वी आकृती तयार होते, मर्यादेची. सरोवरात मावेल तेवढंच पाणी. तिने आधीच ठरवून टाकलं होतं की महिनाभर मेसेज करायचाच नाही, बघू तो विचारतो का. ६०च्या मुख्य वचनातच याला उत्तर आहे: मर्यादेने काम साधतं, पण कडू मर्यादा धरून बसू नये. न सांगता घेतलेली परीक्षा कडूच. समोरच्याला पेपर असल्याचंच माहीत नसतं, आणि नापास झाल्याचं दुःख आपल्याला.

म्हणून आम्ही मर्यादा अशी ठरवली. महत्त्वाचं काही असेल तर मेसेज नाही, फोन. वडिलांचं सरळ सांगायचं. आणि त्याच्या मनात काय आहे ते एकदाच, चेष्टेचा सूर न लावता विचारायचं. उत्तर जे येईल ते पुन्हा तोलायचं नाही.

तिने एका रविवारी फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘तू आवडतेस मला. पण नात्याचा विचार मी केलेला नाही, आणि आत्ता तयारीही नाही.’ मग म्हणाला, ‘काकांचं सांगितलं असतंस तर त्याच दिवशी आलो असतो.’

दुसऱ्या वाक्यावर तिचा विश्वास बसला नाही. पण पुढच्या तपासणीला तिला रजा मिळेना, तेव्हा वडिलांना तो घेऊन गेला. त्याच्या पुढच्या महिन्यातही गेला, न विचारता. हे वागण्यातलं सातत्य. मैत्री खोल निघाली, प्रेम नव्हतं. तिला ‘नाही’ पचवायला वेळ लागला, रडणंही झालं. रात्रीचं फ्लर्टिंग तिने स्वतःहून थांबवलं, कारण उत्तर कळल्यावरही ते चालू ठेवलं असतं तर पुन्हा तोलणं सुरू झालं असतं. कोर्टवरची खेचाखेची मात्र अजून आहे.

आणखी एक. या सगळ्याच्या आधी तिने त्याच प्रश्नासाठी नाणी आणखी दोनदा टाकली होती, हवं ते उत्तर मिळेपर्यंत. ई चिंगच्या चौथ्या आकृतीत याबद्दल स्पष्ट लिहिलंय: पहिल्यांदा विचारलं की उत्तर मिळतं, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे अनादर, आणि मग उत्तर मिळत नाही. आम्ही पहिलीच आकृती वाचली. त्याच्या मनात काय आहे हे नाण्यांना माहीत नसतं, ते त्यालाच विचारावं लागतं. आकृतीचं काम आपला प्रश्न नीट मांडून देण्याचं.

तुम्ही रेषांबद्दल काही लिहिलेलं नाही, तर आधी वही काढून बेरजा बघा. एकही सहा किंवा नऊ नसेल तर मुख्य वचनच वाचायचं: काम साधतं, ठाम राहण्यात हित आहे. दुसरी रेष बदलली असेल तर जो विश्वास आहे तो बोलून दाखवायला हरकत नाही. तिसरी असेल तर हे मेसेज नेमके तुमच्या कुठल्या रिकाम्या वेळात येतात आणि दिवस भरलेला असला तर त्यांची आठवण तरी होते का, हे आठवडाभर लिहून ठेवा. आणि चौथीच असेल, तर तुमचा शेवटचा खरा, विनोद न केलेला मेसेज कुठला होता, तो शोधा.