आय डायग्राम प्रथमच वाचताना

आपण पाठवलेल्या आय डायग्राममध्ये, म्हणजे सिग्नलचे अनेक बिट एकमेकांवर रचून ऑसिलोस्कोपने काढलेल्या चित्रात, मधली मोकळी जागा म्हणजेच डोळा सुरेख उघडलेला दिसतो, परंतु तो पाहून समाधान मानण्यापूर्वी प्रोब कोठे लावला होता ते तपासावे. पाठवणाऱ्या टोकाशी डोळा बहुधा चांगलाच दिसतो. निर्णय घेणारा रिसीव्हर दुसऱ्या टोकाला असतो, म्हणून मापन त्याच्या पिनांजवळच करावे.

सातपूरच्या आमच्या कार्यशाळेत नवे सहकारी डोळ्याची उंची आधी पाहतात. मी रुंदी आधी पाहण्यास सांगतो. समजा, वेग सेकंदाला 1 गिगाबिट आहे. म्हणजे एका बिटाला 1000 पिकोसेकंद मिळतात. दोन्ही बाजूंच्या छेदनबिंदूंपाशी रेषा पसरून एकूण 300 पिकोसेकंद खाल्ले जात असतील, तर उघडी रुंदी 700 उरते. ही सगळी आपली नव्हे. रिसीव्हरला नमुना घेण्याच्या क्षणापूर्वी 150 आणि त्यानंतर 50 पिकोसेकंद डेटा स्थिर हवा असेल, तर उरतात 500. ते दोन्ही बाजूंना समान, म्हणजे 250-250 वाटायचे, तर नमुन्याचा क्षण डोळ्याच्या डाव्या कडेपासून 400 वर येतो, नेमक्या मध्यावर म्हणजे 350 वर नव्हे. त्या क्षणी उंची पुरेशी आहे ना, हे मग पाहावे.

सुरुवातीच्या दोन चुका मात्र हमखास होतात:

- ऑसिलोस्कोपचा ट्रिगर डेटाच्याच कडेवर लावणे. त्यामुळे ती कड जागेवर खिळते आणि जिटर, म्हणजे कडांचे वेळेत मागे-पुढे होणे, खरा दिसत नाही. रिसीव्हर वापरतो तो, किंवा डेटातून पुनर्प्राप्त केलेला, क्लॉक घ्यावा.
- थोडेच बिट जमवून थांबणे. क्वचित येणाऱ्या रेषाच डोळा मिटवतात.

इक्वलायझेशनकडे, म्हणजे मार्गात बिघडलेला सिग्नल सुधारण्याकडे, तूर्त वळू नये.