सात पानांचा अर्ज एका पानात आणायचाय, पण भीती वाटतीय

प्रश्न: वकील साहेब, मी सेलू तालुक्यातला शेतकरी. वाऱ्यात विजेची तार तुटून माझी दुभती म्हैस गेली. मी सगळं सात पानात लिहून पोलीस ठाण्यात नेलं तर ते म्हणाले, एवढं कोण वाचणार, एका पानात आणा. पुतण्यानं आठ ओळीत करून दिलं: "कंपनीच्या घोर निष्काळजीपणामुळे म्हैस दगावली, वारंवार सांगूनही दखल घेतली नाही, नंतर फोन केले, न्याय मिळावा." मला भीती वाटती की जे सुटलं ते उद्या कोर्टात माझ्यावर उलटेल. कोणतं देऊ?

उत्तर:

दादा, एक पानच द्या, पण पुतण्याचं नका देऊ. त्याचं प्रेम कळतं मला, पण त्या आठ ओळीत तुमच्या केसचा जीव निघून गेलाय.

तुम्ही पाठवलेली सातही पानं मी नीट वाचली. तुम्ही सुरुवात केली म्हैस पडली तिथून, मग मागं गेलात मे महिन्यात, मग पुढं पंचनाम्यावर, आणि चौथ्या पानावर मधेच एक ओळ आहे की तार पडलेली दिसल्या दिसल्या मी लाईनमनला फोन लावला, तेव्हा म्हैस अजून पलीकडं चरत होती. सगळी केस त्या ओळीवर उभी आहे. म्हैस मरायच्या आधी कंपनीच्या माणसाला माहीत होतं का नंतर कळलं, हे त्यातून ठरतं. पुतण्यानं लिहिलं "नंतर फोन केले". एका शब्दानं क्रम उलटा झाला, आणि समोरचा वकील हेच विचारणार की तुम्हीच लिहिलंय ना नंतर फोन केला म्हणून?

म्हणून वाक्यं कापत बसू नका. आधी सात पानातून घटना वेगळ्या काढा, एका ओळीत एकच घटना, आणि प्रत्येकीच्या पुढं वेळ टाका. मोबाईलच्या कॉल लिस्टमधे फोनची वेळ आहे ती जशीच्या तशी घ्या आणि तिचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, ती लिस्ट काही दिवसांनी आपोआप पुसली जाते. जिथं घड्याळ बघितलं नव्हतं तिथं "अंदाजे" लिहा. अंदाजाला मिनिटं लावली की पुढं ती मिनिटं सिद्ध करत बसावं लागतं. मग सगळ्या ओळी वेळेप्रमाणं लावा, तुमच्या मनात आधी काय आलं त्याप्रमाणं नाही.

मग प्रत्येक ओळीला विचारा, हे मी डोळ्यानं पाहिलं, कुणी सांगितलं, का मला वाटलं? पाहिलेलं राहू द्या. दुसऱ्यानं सांगितलेलं असेल तर सांगणाऱ्याचं नाव टाकून ठेवा, कारण पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ती पाहणाऱ्यानंच द्यायची असते, साक्ष अधिनियमाच्या कलम 55 मधे तेच आहे. तुमच्या पानांत "म्हैस तडफडून मेली" असं आहे, पण तुम्ही पोचलात तेव्हा ती निपचित पडलेली होती, तडफडताना पुतण्यानं पाहिली. मग ती त्याची साक्ष झाली, तुमची नाही. वाटलेलं मात्र काढा, पण काढताना त्याच्या खाली काही दिसलेलं आहे का ते आधी बघा. "तार सडकी होती" हे मत झालं, "तारेला तीन ठिकाणी जोड दिसत होते" ही पाहिलेली गोष्ट. "वारंवार सांगूनही" च्या जागी 20 मे चा लेखी अर्ज आणि त्याची पोच टाका. "कंपनीनं सप्लाय बंद केला" हे पण तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही घरातली लाईट गेलेली पाहिली, तेवढंच लिहा.

"निष्काळजीपणा" हा शब्द गेला तर केस पातळ होईल असं वाटतंय ना? नाही होत. 2002 मधे सुप्रीम कोर्टानं शैल कुमारी प्रकरणात, सायकलवरून जाणारा माणूस रस्त्यात पडलेल्या जिवंत तारेनं गेला होता त्यात सांगितलंय की असला धोकादायक धंदा करणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी निष्काळजीपणा सिद्ध न करताही येते. तुम्हाला तार कुणाची, कुठं पडली, आणि तिच्यामुळंच जीव गेला एवढं दाखवायचंय.

तुमच्याच पानांवरून मी असं केलंय:

"20 मे रोजी, शेतावरची तार खाली लोंबत असल्याचं मी उपकेंद्रात लेखी कळवलं, पोच सोबत जोडली आहे. 12 जून रोजी संध्याकाळी वारं सुटलं. अंदाजे सहा वाजता तार तुटून बांधावर पडलेली मी स्वतः पाहिली, तिला तीन ठिकाणी जोड होते. तेव्हा म्हैस बांधाच्या पलीकडं मोकळी चरत होती. 6.10 ला मी लाईनमनला फोन करून तार पडल्याचं सांगितलं, तो म्हणाला 'वर कळवतो'. 6.22 ला उपकेंद्रात फोन केला, तो उचलला नाही. मी शेजारच्या शेतातल्या लोकांना सावध करायला गेलो. अंदाजे साडेसहाला म्हैस तारेला लागून पडली, हे पुतण्यानं पाहिलं, मी तिथं नव्हतो. मी परत आलो तेव्हा म्हैस निपचित पडलेली होती, तार तिच्या पुढच्या पायाखाली होती. 6.41 ला मी लाईनमनला पुन्हा फोन केला. त्यानंतर अंदाजे पंधरा मिनिटांनी घरातली लाईट गेली. 13 जून रोजी तलाठ्यांनी पंचनामा केला व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केलं."

म्हैस मोकळी होती हे मी मुद्दाम ठेवलंय. पुतण्यानं ते वगळलं होतं. आपल्याला अडचणीची वाटणारी गोष्ट लहान करताना गाळली की ती दुसऱ्या बाजूच्या तोंडून बाहेर येते, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण संशय येतो. उलट गावातल्या भांडणाचं दीड पान, सरपंचांचं बोलणं, दुधाचा हिशोब हे मी काढलंय. हिशोब खरा आहे, पण तो भरपाईच्या दाव्यात लागेल, काय घडलं यात नाही.

सुटलेल्या गोष्टीची भीती मात्र पूर्ण खोटी नाही. पहिल्या तक्रारीत बारीकसारीक सगळं असायला पाहिजे असं कोर्ट म्हणत नाही, फिर्याद म्हणजे ज्ञानकोश नव्हे हे सुप्रीम कोर्टानं कितीदा सांगितलंय. पण पोलीस जबाबात एखादी महत्त्वाची गोष्टच सुटली आणि ती पुढं साक्षीत पहिल्यांदा आली तर तिला विसंगती म्हणता येतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 181 खालचं स्पष्टीकरण तसं आहे. म्हणून 6.10 चा फोन, चरणारी म्हैस आणि 20 मे ची पोच हे तिन्ही पोलीस जबाब घेतील तेव्हा पण सांगा, आणि सही करायच्या आधी जबाब वाचून घ्या.

सात पानं फाडू नका. त्यावर लिहिलं त्या दिवसाची तारीख टाकून घरी ठेवा आणि तुमच्या वकिलाला दाखवा. अर्जाला मात्र जोडू नका, एकाच माणसाचे दोन वृत्तांत फाईलला लागले की त्यातला फरक शोधणं सोपं जातं. आधीच कुठल्या ऑफिसला दिली असतील तर मला कळवा, मग एक पान त्याच्याशी ओळ न् ओळ ताडून बघावं लागेल.

हेच पान उपकेंद्राला आणि विद्युत निरीक्षकांना पण द्या, जनावर गेलं तरी विजेच्या अपघाताची सूचना देणं वीज कायदा 2003 च्या कलम 161 प्रमाणं कंपनीवर बंधनकारक आहे. तिन्हीकडं एकच मजकूर, तिन्ही पोच. आणि द्यायच्या आधी तलाठ्यांच्या पंचनाम्यातली वेळ बघून घ्या, तुमच्या फोटोत मला तिथं "सायंकाळी 6 वाजता म्हैस मयत" असं दिसतंय. तुमचं पान त्याच्याशी जुळवायला बदलू नका, तलाठ्यांकडं कॉल लिस्ट जोडून वेळ दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या.