समईपेक्षा पॉलिसीचं आधी बघा

"माझी मुलगी तिसरीत आहे. वाचायला घाबरणाऱ्या पोरीला तिच्या वर्गशिक्षिकांनी यंदा घडाघडा वाचायला लावलं. निकालाच्या दिवशी त्यांना गुजरीतून पाच हजारांची चांदीची समई द्यावी म्हणते. जास्त होईल का? क्रेडिट कार्डावरच घेईन. मुलीच्या पॉलिसीचा ६० हजारांचा वार्षिक हप्ताही कार्डावर भरलाय, त्याचं 'मिनिमम' भरतोय. बाँड मागच्या आठवड्यात आला. एजंट म्हणाले, दहा वर्षं भरा, दुप्पट होतील."
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, जास्त होईल. चांदी पुढे केली की बाईंना घेताही येत नाही आणि नाही म्हणताही येत नाही. तीन-चारशेचं चांगलं पुस्तक द्या आणि आत मुलीच्या अक्षरातली चिठ्ठी ठेवा. कोणता धडा ती पहिल्यांदा न अडखळता वाचू शकली, तेवढं तिनं लिहावं. चुका सुधारू नका. शाळेत भेटवस्तू चालत नसतील, तर नुसती चिठ्ठी पुरे.

मला काळजी वाटते ती कार्डाची. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ६० हजारांवर ते २,१०० रुपये, जीएसटी धरून अडीच हजारांच्या जवळपास. 'मिनिमम' साधारण पाच टक्के, म्हणजे तीन हजार. तुम्ही तीन हजार भरता तेव्हा मुद्दल जेमतेम पाचशेनं उतरते. शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे समईवर पहिल्या दिवसापासून व्याज चढेल.

आणि हे सगळं कशासाठी, तर त्या पॉलिसीसाठी! अशा पारंपरिक योजना वर्षाला पाच-सहा टक्के देतात. दहा वर्षांत तुम्ही सहा लाख भराल आणि हाती आठ लाखांच्या आसपास येतील. बारा लाख व्हायला वर्षाला बारा टक्क्यांहून जास्त परतावा लागेल, तो इथे कुठून येणार? विमा मुलीच्या जिवावर काढला असेल तर तोही बिनकामाचा, कारण घर तिच्या पगारावर चालत नाही. विमा कमावणाऱ्याचा हवा, आणि तो साधा टर्म प्लॅन.

बाँड हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमच्याकडे अजून तीन आठवडे आहेत. एजंटच्या हाती काही देऊ नका, तो 'बघू, करू' म्हणत मुदत घालवेल. कंपनीच्या शाखेत स्वतः जा. लेखी अर्ज, मूळ बाँड आणि रद्द केलेला चेक द्या, अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. ते आले की त्याच दिवशी कार्डावर भरा. वर जे व्याज उरेल, तेही पुढच्या बिलात पूर्ण मिटवा. तोवर त्या कार्डानं काहीच घेऊ नका, पुस्तकसुद्धा रोखीनं घ्या.